फ्रेंच टोस्ट मधोमध कच्चट का राहतो: ब्रेड, अंडं आणि दुधाचं गणित

कोल्हापुरात मिसळीबरोबर पावापेक्षा ब्रेड जास्त चालतो. त्यामुळे रविवारी घरी मिसळ झाली की सोमवारी सकाळी सहा-आठ स्लाइस उरलेले असतातच. घरात म्हशीचं घट्ट दूध असतं, अंडी असतात. फ्रेंच टोस्ट करायला याहून वेगळं काही लागत नाही. तरीही पहिल्या दोन-तीन वेळा बहुतेकांचा टोस्ट बाहेरून तांबूस आणि आतून पचपचीत होतो. मग पुढच्या वेळी तो जास्त वेळ भाजला जातो, बाहेरून करपतो आणि आत तसाच राहतो. कारण बऱ्याचदा चूक तव्यावर नसते, त्याआधी वाडग्यात झालेली असते.

अंड्याचं काम इथे सिमेंटसारखं आहे. ब्रेडच्या जाळीत शिरलेलं दूध धरून ठेवायचं आणि गरम झाल्यावर त्याला घट्ट करायचं. नुसतं फेटलेलं अंडं साधारण 70 अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होतं. त्यात दूध आणि साखर मिसळली की तेच काम 80 ते 85 अंशांपर्यंत लांबतं. दूध जितकं जास्त, तितकी उष्णता जास्त लागते आणि घट्ट झालेलं मिश्रणही तितकंच नाजूक राहतं. तव्यावरच्या टोस्टला मिळतात जेमतेम सहा-सात मिनिटं. तेवढ्या वेळात स्लाइसच्या मधल्या भागाला फार गरम होता येत नाही. म्हणून दूध जास्त पडलं की मधला भाग ओला राहतो, भाजण्याची वेळ कितीही वाढवली तरी.

प्रमाण

फ्रेंच टोस्टसाठी एका अंड्याला 60 मिली दूध. घरात मापाचा कप नसेल तर चार मोठे चमचे, म्हणजे पोह्याचे नव्हे, 15 मिलीचे. वाटीचं माप इथे वापरू नका. एका घरातली वाटी 120 मिलीची असते, दुसऱ्या घरातली 200ची, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

बाजारातल्या अंड्याचं कवच काढल्यावर आत साधारण 45 ग्रॅम ऐवज मिळतो. त्यात 60 मिली दूध घातलं की सुमारे 105 मिली मिश्रण होतं. पिशवीतल्या नेहमीच्या पातळ स्लाइससाठी हे तीन स्लाइसना पुरतं. बेकरीतून न कापलेला ब्रेड आणून घरी दोन सेंटिमीटर जाडीचे काप केले तर दोनच कापांना. अंडी फार लहान असतील तर दूध 50 मिलीवर आणा. 80 मिलीपर्यंत गेलात तरी चालेल, टोस्ट जरा मऊसर होईल. एका अंड्याला 100 मिलीच्या पुढे गेलात की मधला भाग घट्ट व्हायची खात्री राहत नाही.

साखर एका अंड्याला एक छोटा चमचा, तेवढीच. साखर वाढवली की टोस्टचा बाहेरचा भाग लवकर काळा पडतो, आणि तो काळा पडला म्हणून आपण टोस्ट लवकर उतरवतो. आत तो तेव्हा कच्चाच असतो. गोड जास्त हवं असेल तर ते ताटात घ्या, वाडग्यात नको. मीठ मात्र चिमूटभर घालाच, त्याने अंड्याचा उग्र वास दबतो. वेलची, जायफळ किंवा व्हॅनिला आपापल्या आवडीने.

ब्रेड: शिळा आणि वाळलेला यात फरक आहे

‘शिळा ब्रेड घ्या’ असं सगळीकडे सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस राहिलेला ब्रेड हाताला कडक लागतो, पण त्यातलं पाणी फारसं कुठे गेलेलं नसतं. त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसलेला असतो, म्हणून तो कडक वाटतो. तव्यावर गरम झाला की तो परत मऊ पडतो आणि आधीचंच पाणी आत घेऊन बसतो. आपल्याला हवा तो ब्रेड ज्यातलं पाणी खरोखर उडालेलं आहे. तेव्हाच दुधा-अंड्याला आत जागा मिळते आणि जाळीच्या भिंती भिजूनही उभ्या राहतात.

एप्रिल-मेमध्ये हे सोपं असतं. रात्री स्लाइस जाळीवर किंवा उलट्या चाळणीवर सुटे मांडून पंख्याखाली ठेवले की सकाळी पुरेसे वाळतात. वरून पातळ फडकं टाका. जून ते सप्टेंबर मात्र कोल्हापूरच्या हवेत हे होत नाही. रात्रभर ठेवलेला ब्रेड सकाळी उलट ओलसर लागतो, आणि आणखी एक दिवस ठेवला तर बुरशी येते. पावसाळ्यात ओव्हन 120 अंशांवर ठेवून स्लाइस दहा-बारा मिनिटं आत ठेवा, मध्ये एकदा उलटा. ओव्हन नसेल तर कोरडा तवा अगदी मंद आचेवर ठेवून प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं. रंग बदलायला नको, फक्त पाणी जायला हवं. तांबूस झालेला पृष्ठभाग दूध हळू शोषतो, मग बाहेर मिश्रण आणि आत कोरडा ब्रेड अशी गत होते.

वाळला की नाही ते कसं कळणार? वरून बोट फिरवलं तर पृष्ठभाग टोस्टसारखा खरखरीत लागला पाहिजे, पण दाबल्यावर मध्ये किंचित दबला पाहिजे. पूर्ण कडक होऊन तुकडा पडेल इतका वाळवायची गरज नाही. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर त्याहून चांगलं. 45 ग्रॅमचा जाड काप 38-39 ग्रॅमवर आला की थांबा.

ब्रेड कोणता, हाही प्रश्न आहे. पिशवीतला मऊशार ब्रेड चालतो, पण तो पातळ असतो आणि भिजल्यावर पटकन फाटतो. शक्य असेल तर बेकरीत जाऊन ‘ब्रेड कापू नका, अख्खाच द्या’ म्हणून सांगा आणि दुसऱ्या दिवशी घरी सुरीने दोन सेंटिमीटरचे काप करा. त्याच दिवशी कापायला गेलात तर ताजा ब्रेड सुरीखाली चेपतो. लादीपाव टोस्टला नको. त्याची जाळी एकसारखी नसते, एका बाजूला मिश्रण साठतं आणि दुसरी बाजू कोरडी राहते. पुडिंगला मात्र तोच पाव उत्तम.

दूध

गंगावेशच्या दूध कट्ट्यावरून आणलेलं धारोष्ण दूध कितीही चांगलं असलं तरी या कामाला आधी उकळून घ्या. टोस्टचा मधला भाग उकळीपर्यंत कधीच तापत नाही, त्यामुळे कच्च्या दुधातलं जे मरायला हवं ते तव्यावर मरेलच असं नाही. उकळलेलं दूध कोमट होऊ द्या आणि साय पूर्ण काढून घ्या. म्हशीच्या दुधाची साय जाड असते. ती ब्रेडच्या आत जात नाही, वर चिकटून बसते आणि तव्यावर तिथेच काळे डाग पडतात. साय टोस्टवर खायला ठेवा, तिथे तिची किंमत आहे.

दूध गरम असताना अंड्यात ओतलं तर अंड्याच्या कवड्या होतात. फ्रिजमधलं गार दूध घेतलं तर मिश्रण ब्रेडमध्ये सावकाश शिरतं आणि टोस्ट तव्यावर गारच जातो, म्हणजे मधला भाग शिजायला आणखी उशीर. करंगळी बुडवून गरम-गार काहीच जाणवू नये, इतपत दूध योग्य.

अंडी आधी एकटीच फेटा, काट्याने तीस-चाळीस फटके. मग साखर-मीठ, मग दूध. हे सगळं चहाच्या गाळणीतून गाळून घ्या. पांढऱ्यातले जे जाड धागे फेटूनही सुटत नाहीत ते गाळणीत राहतात. गाळलं नाही तर ते टोस्टवर पांढऱ्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि ज्याला अंड्याचा वास आवडत नाही तो नेमका तिथेच अडतो.

एक खेप, सुरुवातीपासून

दोन सेंटिमीटरचे चार काप घ्या. वाळवून प्रत्येकी 38 ग्रॅमच्या आसपास. दोन अंडी, 120 मिली दूध, दोन छोटे चमचे साखर, चिमूट मीठ. हे मिश्रण खोल वाडग्यात न ठेवता पसरट ताटलीत ओता. वाडग्यात पहिले दोन स्लाइस भरपूर पितात आणि शेवटच्याला तळातलं उरलंसुरलं मिळतं.

काप ताटलीत ठेवा आणि घड्याळ बघा. जाड काप एका बाजूने दीड मिनिट, उलटून दीड मिनिट. पातळ स्लाइस वीस सेकंद आणि वीस सेकंद. ब्रेड न वाळवता ताजाच वापरायची वेळ आली तर पाच-सहा सेकंदांच्या वर एकही बाजू ठेवू नका. भिजलेला काप झाऱ्याने किंवा दोन्ही हातांच्या बोटांनी उचलून आडवा धरा. तो मध्ये किंचित वाकला पाहिजे, पण फाटता कामा नये. ताटलीवर पाच-सहा सेकंद धरून निथळू द्या. काट्यावर ठेवला तर तो आता 85 ग्रॅमच्या जवळपास भरेल, म्हणजे आपल्या वजनापेक्षा थोडं जास्तच मिश्रण त्याने घेतलेलं असतं. चारही काप झाल्यावर ताटलीत दोन-तीन चमचे उरले की हिशोब बरोबर जमला. अर्धी ताटली उरली असेल तर काप आतून कोरडे आहेत.

तवा मध्यमपेक्षा जरा कमी आचेवर तापवा. एका वेळी दोन काप, त्यासाठी दोन छोटे चमचे तूप. लोणी वापरलं तर त्यातला दुधाचा अंश सहा मिनिटांच्या आत जळायला लागतो, तुपात तो अंश नसतो. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो सावकाश चुरचुरला पाहिजे. टाकताक्षणी उडून गेला तर तवा जास्त तापलाय, आच कमी करून मिनिटभर थांबा.

पहिली बाजू तीन मिनिटं, हात न लावता. खाली तांबूस झाली की काप आपोआप सुटतो. ओढावा लागत असेल तर अजून वेळ आहे. उलटून दोन मिनिटं. आता आच आणखी बारीक करून वर झाकण ठेवा, दीड-दोन मिनिटं. जाड कापाच्या मध्यापर्यंत उष्णता नेण्याचं काम हे झाकण करतं. झाकणाखाली काप मध्ये फुगतो. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि घट्ट होत आलेलं अंडं त्याला अडवतं, म्हणून हा फुगवटा येतो. फुगवटा आला म्हणजे मध्यापर्यंत शिजलं असं समजा. मग झाकण काढा आणि अर्धा मिनिट तसाच ठेवा, नाहीतर झाकणाच्या वाफेने वरची कड मऊ पडते. पातळ स्लाइसला झाकणाची गरज नाही, दोन-दोन मिनिटं पुरतात.

उतरवण्याआधी मधोमध बोटाने दाबा. बोट उचलल्यावर खळगा भरून आला तर झालं. खळगा तसाच राहिला किंवा कडेने दुधाळ थेंब आला तर परत झाकण, एक मिनिट. उतरवलेले टोस्ट एकावर एक रचू नका. ताटात ठेवले तरी खालची बाजू वाफेने ओली होते, म्हणून जाळीवर ठेवा.

वर घालायला काकवी हवी. इथल्या गुऱ्हाळांची काकवी असताना बाहेरचं सिरप शोधायला जायची गरज नाही. पण काकवी किंवा गूळ मिश्रणात घालू नका. गुळाच्या आंबटपणाने गरम होताना दूध फाटू शकतं, शिवाय टोस्ट करपतो. ताटात वाढल्यावर वरून घाला आणि लगेच खा.

कापून बघा, चूक तिथेच दिसते

पहिल्या खेपेतला एक टोस्ट मधोमध सुरीने कापून उजेडात धरा. चांगला टोस्ट आतून एकसारखा फिकट पिवळा असतो. सुरी बाहेर येताना ओलसर असते, पण तिच्यावर काही चिकटत नाही.

मध्ये पांढरी, कोरडी पट्टी दिसली तर मिश्रण तिथवर पोचलंच नाही. भिजवण्याचा वेळ वाढवा. मध्ये पिवळसर चकाकणारा, लगद्यासारखा थर असेल आणि तो सुरीला लागत असेल तर दोनच शक्यता. तुमचं दूध मोजून 60 मिली होतं का? होतं, तर आच जास्त होती, बाहेरचा भाग आधी झाला. नव्हतं, तर आचेला हात लावू नका, आधी दूध कमी करा. दोन्ही एकदम बदललं तर कोणती चूक होती ते पुढच्या खेपेलाही कळणार नाही. आणि कडेपासून मध्यापर्यंत सगळाच टोस्ट लगदा झाला असेल तर ब्रेड वाळलेला नव्हता. त्याला दुसरा उपाय नाही.

पुडिंगचं प्रमाण वेगळं का

ब्रेड पुडिंगला एका अंड्यामागे 125 मिली दूध चालतं, म्हणजे टोस्टच्या दुप्पट. कारण पुडिंग भांड्यात असतं, त्याला स्वतःच्या बळावर उभं राहायचं नसतं, आणि ते सावकाश 80 अंशांच्या पुढे नेता येतं. 250 ग्रॅम ब्रेड किंवा लादीपाव तुकडे करून वाळवा, साधारण 210 ग्रॅम होईल. चार अंडी, अर्धा लिटर दूध, 80 ग्रॅम साखर. मिश्रण गाळून तुकड्यांवर ओता आणि अर्धा तास ठेवा. मध्ये एकदा वरचे तुकडे चमच्याने हलके दाबा. अर्ध्या तासाने मधला एखादा तुकडा मोडून बघा, आत पांढरा कोरडा गाभा दिसता कामा नये.

ज्यांच्या घरी खरवस होतो त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. डबा कुकरमध्ये, शिट्टी काढून, मंद आचेवर. कुकरमध्ये बसणारा 16-18 सेंटिमीटरचा डबा असेल तर 35 ते 40 मिनिटं लागतात. डब्यावर ताटली झाका आणि ताटलीला फडकं गुंडाळा. कुकरच्या झाकणाचं पाणी ठिबकून पुडिंगचा वरचा थर गिळगिळीत होतो, आणि लोक समजतात आतून कच्चं राहिलं.

35 मिनिटांनी मध्यापासून दोन बोटं अंतरावर सुरी खुपसा. स्वच्छ बाहेर आली पाहिजे. मधला भाग मात्र डबा हलवल्यावर थरथरलाच पाहिजे, कारण आच बंद केल्यावरही तो शिजत राहतो. झाकून पंधरा मिनिटं ठेवा, मग कापा.

इथे एक गोष्ट नीट ओळखायला शिका. पुडिंग कापल्यावर तळाला पाणी दिसलं की बहुतेक जण पुढच्या वेळी जास्त शिजवतात. आधी त्या पाण्याकडे बघा. ते पांढरं, दुधाळ असेल आणि पुडिंगला जाळी नसेल तर खरंच कच्चं आहे, आणखी दहा मिनिटं ठेवा. पण पाणी पातळ, पिवळसर, निवळ असेल आणि कापलेल्या बाजूला खरवसाला पडते तशी बारीक भोकांची जाळी असेल, तर ते जास्त शिजलंय. अंडं आकसलं आणि त्याने धरलेलं पाणी सोडून दिलं. पुढच्या खेपेला पाच-सात मिनिटं कमी करा आणि आच आणखी बारीक ठेवा.

उरलेलं पुडिंग झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. परत गरम करायला वाफ देऊ नका, त्याने ते आणखी पाणी सोडतं. गारच असताना बोटभर जाडीचे काप करून तुपावर दोन्ही बाजूंनी तांबूस होईतो परता.